घाबरं झालं की डॉक्टर आधी घड्याळ का बघतात

छातीत दडपल्यासारखं होतंय, श्वास पुरत नाही, घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटतंय. हार्ट अटॅक आलेला माणूस हे बोलतो आणि पॅनिक अटॅक आलेलाही अगदी हेच बोलतो. म्हणून नुसत्या वर्णनावरून निदान करायला अनुभवी डॉक्टर धजावत नाहीत. ते विचारतात ते वेगळंच: कधी सुरू झालं, किती मिनिटांत टिपेला गेलं, किती वेळ टिकलं, तेव्हा तुम्ही काय करत होता, आणि दोन वेळांच्या मधल्या दिवसांत तुम्ही कसे असता? या उत्तरांत हृदयविकार, पॅनिक आणि सर्वव्यापी चिंता या तिन्ही आजारांच्या वाटा फुटतात. मात्र या सगळ्याच्या आधी एक नियम आहे आणि तो रात्री तीन वाजताही मोडायचा नसतो. आधी हृदय तपासायचं, मग मनाकडे वळायचं. हा क्रम उलटा झाला की माणूस जाऊ शकतो.

फरक नीट दिसावा म्हणून तासगाव तालुक्यातलं एक घर कल्पनेनं उभं करू. धाकटा भाऊ बेदाण्याचा व्यापार करतो, थोरला द्राक्षबाग बघतो आणि आई साठीच्या पुढची, मधुमेहाची. तिघांच्या छातीत तीन वेगळ्या तऱ्हेनं धडधडतं.

धाकटा छत्तीस वर्षांचा. महिन्यापूर्वी त्याच्या मेहुण्याची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा दवाखान्यात रात्री हाच बसला होता. एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो झोपेतून दचकून उठतो. स्वप्न वगैरे काही नसतं. छाती आवळलेली, हृदय कानात वाजतंय, ओठांभोवती आणि दोन्ही हातांना मुंग्या. पाच-सात मिनिटांत बोटं आतल्या बाजूला वाकडी होऊन ताठ होतात. बायको गाडी काढायला लावते आणि तीनच्या सुमारास सगळे मिरजेत पोचतात. मिरजच का, हे या भागात सांगावं लागत नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभारलं तेव्हापासून सांगली-साताऱ्याच्या आणि सीमेपलीकडच्या गावांच्या गाड्या रात्री-अपरात्री तिकडेच वळतात.

कॅज्युअल्टीत पहिलं काम ईसीजीचं, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो कार्डिओग्राम. छातीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघावा, हा जगभरचा दंडक आहे. सोबतच नाडी, बीपी, बोटाला लावून ऑक्सिजन आणि सुई टोचून साखर. आपल्या व्यापाऱ्याची नाडी ११८, बीपी १५०/९४, ऑक्सिजन ९९, श्वास मिनिटाला २८ आणि साखर ११२. ईसीजीत ठोके जलद आहेत, पण त्यांची लय साधी, नेहमीची. यातला ९९ चा आकडा बोलका आहे. माणूस ‘श्वासच येत नाही’ म्हणतोय आणि रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे. तो खरं तर गरजेपेक्षा जास्त श्वास घेतोय. भराभर श्वास घेतल्यानं कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा उगाच उत्तेजित होतात. तोंडाभोवतीच्या मुंग्या आणि वाकडी बोटं यांचं मूळ हे. घरच्यांना ते लकवा मारल्यासारखं दिसतं. पण लकवा बहुधा एका बाजूला येतो आणि हे दोन्ही हातांना सारखं होतं.

इथं एक गैरसमज लगेच खोडायला हवा. ऑक्सिजन ९९ आहे म्हणजे हृदय ठीक, असं नाही. हार्ट अटॅकमध्येही तो कित्येकदा उत्तम असतो. तो ९४ च्या खाली असेल तर मात्र घबराटीचा विचार बाजूला ठेवून फुप्फुस, हृदय किंवा फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ शोधावी लागते. म्हणूनच तोंडावर कागदी पिशवी धरून श्वास घ्यायला लावायची जुनी युक्ती घरी करू नये. पॅनिक समजून पिशवी धरली आणि निघालं दुसरंच, तर आधीच कमी असलेला ऑक्सिजन आपण आणखी तोडतो.

पहिला ईसीजी चांगला आला की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात आणि ‘चला घरी’ म्हणतात. डॉक्टर थांबवून ठेवतात, तर कधीकधी बिल वाढवायला ठेवलंय असंही ऐकून घेतात. थांबवण्याचं कारण साधं आहे. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी पूर्ण नॉर्मल असू शकतो. दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी तो पुन्हा काढतात आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघतात. रक्तातला ट्रोपोनिनही असाच वेळखाऊ आहे. हृदयाचा स्नायू दुखावला की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण मोजण्याइतकं वाढायला काही तास जातात. दुखायला लागून पाऊण तासात काढलेला ट्रोपोनिन निगेटिव्ह आला तर त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून तो दोनदा करतात. अतिसंवेदनशील मशीन असेल तर एक ते तीन तासांच्या अंतरानं, जुन्या पद्धतीच्या चाचणीत सहा तासांनी. लहान दवाखान्यांत रक्ताचे थेंब टाकून करायचं ‘ट्रॉप’चं कार्ड असतं. ते पॉझिटिव्ह आलं तर उपयोगाचं, लवकर केलेलं निगेटिव्ह आलं तर त्यावर घरी जाऊ नये.

दरम्यान व्यापाऱ्याची नाडी साडेतीनला ९२ वर आली, मुंग्या गेल्या आणि आता तो थकून गेलाय. दुसरा ईसीजी तसाच. सहाच्या सुमारास दुसरा ट्रोपोनिनही नॉर्मल. आता डॉक्टर खुर्ची ओढून बसतात, आणि खरं निदान इथं होतं.

“याआधी असं कधी झालेलं?”

“दोनदा. पहिल्यांदा कराडला एसटीत. गर्दी होती. वाटलं, इथंच जातोय. उतरून रसवंतीवर बसलो, अर्ध्या तासात बरं वाटलं.”

“त्यानंतर एसटीनं गेला?”

तो गप्प बसतो. बायको सांगते, “नाही डॉक्टर. आता गाडी असली तरच जातात. लग्नातसुद्धा दाराजवळच बसतात.”

“आणि कामाचं? बॉक्स उचलता?”

“पंधरा किलोचा बॉक्स घेऊन माडीवर चढतो की. तेव्हा काही होत नाही.”

या उत्तरांतच बराचसा उलगडा झाला. ओझं घेऊन जिना चढताना ज्या छातीला काही होत नाही आणि बसल्याजागी किंवा झोपेत जी आवळते, तिथं हृदयाच्या रक्तवाहिनीचा संशय कमी होतो. साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट असते. रोज त्याच वळणावर छातीच्या मधोमध जड होतं, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत ओसरतं, आणि पुढच्या महिन्यात ते एक वळण आधीच यायला लागतं. हा अँजायना. त्यात भीती अजिबात नसली तरी तो हृदयाचाच. विश्रांतीत काढलेला ईसीजी यातही कित्येकदा नॉर्मल येतो, म्हणून त्यांना स्ट्रेस टेस्ट किंवा पुढच्या तपासण्या लागतात.

पॅनिक अटॅकचा चढ उभा असतो. काही मिनिटांत, बहुधा दहाच्या आत, सगळं टिपेला जातं आणि मग अर्ध्या-पाऊण तासात उतरतं, मागे गळून गेल्यासारखा थकवा ठेवून. धडधड, घाम, थरथर, गुदमरणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, मुंग्या, आपण आपल्यात नसल्यासारखं वाटणं, वेड लागेल किंवा मरू अशी भीती, अशा तेरा लक्षणांच्या यादीतली चार तरी एकदम उसळली तर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. पण एक अटॅक म्हणजे आजार नव्हे. असे अटॅक कारणाशिवाय पुन्हा येतात आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त ‘परत येईल का’ ही धास्ती राहते, किंवा माणूस एसटी, गर्दी, एकटं राहणं टाळायला लागतो, तेव्हा त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. आपल्या व्यापाऱ्याचं दाराजवळ बसणं हे निदानाच्या दृष्टीनं त्याच्या ११८ च्या नाडीपेक्षा महत्त्वाचं आहे.

रात्री झोपेतून उठवणाऱ्या त्रासाबद्दल थोडं जास्त विचारावं लागतं. हृदय अशक्त झालेल्या माणसालाही झोपल्यानंतर तास-दोन तासांनी गुदमरून जाग येते. तो उठून बसतो, खिडकीशी जातो, खोकतो, आणि बसल्यानं हळूहळू बरं वाटतं. त्याला दोन उशा लागतात, पायाला सूज असते. घोरणाऱ्या जाड माणसाचा श्वास झोपेत अडकूनही अशी दचकून जाग येते. म्हणून ‘हे घोरतात का?’ हा प्रश्न बायकोला विचारला तर नवल वाटून घेऊ नये.

आणखी एक प्रश्न आमच्या भागात विचारलाच पाहिजे: “आज बागेत औषध मारलं होतं का?” काही कीटकनाशकांची विषबाधा घाम, छातीत आवळणं, मळमळ आणि थरथर घेऊनच येते. फरक डोळ्यांत आणि तोंडात दिसतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, नाडी कित्येकदा मंदावते. घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं आणि बाहुल्या मोठ्या होतात. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली तर दिवसभरात हात थरथरून हृदय धडधडायला लागतं, तेही पॅनिकसारखंच दिसतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं तर साखर उतरूनही तसंच होतं. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घेतात ते याच कारणानं.

तरीही एक आजार असा आहे की तो डॉक्टरांनाही चकवतो. कराडच्या एखाद्या कॉलेजातली वीस वर्षांची मुलगी सांगते की अभ्यास करताना अचानक छातीत धडधड सुरू होते, वीस मिनिटं चालते आणि आपोआप थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. परीक्षा जवळ असते, मुलगी रडवेली असते, कागदावर ‘अँक्झायटी’ लिहिलं जातं. खरं म्हणजे हृदयात विजेचा एक जादा रस्ता असतो आणि ठोके त्यातून गोल फिरत राहतात. याला पीएसव्हीटी म्हणतात. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा विकार सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत बसत होती. ओळखण्याची खूण ठोक्याच्या सुरुवातीत आणि शेवटात आहे. पॅनिकमधली नाडी चढत जाते आणि उतरत येते, साधारण शंभर ते एकशेचाळीसच्या घरात राहते. पीएसव्हीटीत ती दिव्याचं बटण दाबावं तशी एका ठोक्यात सुरू होते आणि एका ठोक्यात बंद होते, आणि मध्ये बहुधा दीडशेच्या वर, एकसारखी पळते. भीती धडधडीच्या मागून येते. अशा वेळी घरच्यांनी मनगटावर तीस सेकंद नाडी मोजून दुप्पट करून लिहून ठेवावी आणि मोठ्या दवाखान्याचा हट्ट न धरता जवळ जिथं ईसीजी निघेल तिथं धडधड चालू असतानाच पट्टी काढून घ्यावी. ती एक पट्टी नंतरच्या दहा तपासण्यांपेक्षा जास्त सांगते. धडधडीत माणूस बेशुद्ध पडत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलेलं असेल, तर ते मनाचं म्हणून सोडायचं नाही.

आता थोरला भाऊ. त्याला असा झटका कधीच आलेला नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की त्याची झोप जाते. फुलोऱ्यात पाऊस आला तर डाऊनी येईल, घडकूज होईल, ही काळजी तासगाव-पलूसच्या प्रत्येक बागायतदाराला असते आणि ती असायलाच हवी. तिला आजार म्हणणारा डॉक्टर शेतात गेलेला नसतो. प्रश्न पुढच्या महिन्यांचा आहे. मार्चमध्ये माल गेला, व्यापाऱ्यानं पैसे दिले, तरी थोरल्याची काळजी थांबत नाही. ती बागेवरून पुण्यातल्या मुलाच्या नोकरीवर जाते, तिथून बोअरच्या पाण्यावर, तिथून स्वतःच्या पित्ताशयावर. मान आणि खांदे आखडलेले, लक्ष लागत नाही, लवकर दमतो, बारीकसारीक गोष्टीवरून चिडतो, झोप तुटक. जवळजवळ रोज, सहा महिने किंवा जास्त, आवरू म्हटलं तरी न आवरणारी अशी काळजी आणि तिच्यासोबत शरीराच्या या तक्रारींपैकी तीन तरी असतील तर त्याला जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात. मराठीत सर्वव्यापी चिंताविकार.

धाकट्याला एकाच गोष्टीची भीती आहे, ती म्हणजे पुढच्या अटॅकची. थोरल्याची काळजी घर बदलत राहते. डॉक्टर कधी सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतात, त्याचं नाव जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा बेचैन वाटलं, काळजी थांबवता आली का, अशा प्रश्नांना शून्य ते तीन गुण. एकूण २१ पैकी १० किंवा जास्त आले तर नीट मुलाखत घ्यायची. तो कागद निदान करत नाही, फक्त दार दाखवतो. आणि गंमत म्हणजे थोरला बहुधा मनाच्या डॉक्टरकडे जातच नाही. तो पित्तासाठी, मानेसाठी, थकव्यासाठी वेगवेगळ्या दवाखान्यांत फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी गोळी मिळते. दोन्ही विकार एका माणसात असू शकतात आणि त्यासोबत उदासीनताही असू शकते, म्हणून ‘जगणं नकोसं होतं का?’ हेही सरळ विचारलं जातं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

दोन्ही विकारांवर उपचार आहेत. बोलून, पायरीपायरीनं भीतीला सामोरं जायला शिकवणारी उपचारपद्धत आणि एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी गोळी फेकून देतो. अल्प्राझोलामनं वीस मिनिटांत बरं वाटतं म्हणून लोक तीच मागतात, पण महिनोन्महिने घेतली की तिची सवय लागते. आणि ती घेऊन बरं वाटलं म्हणजे पॅनिकच होतं, हे सिद्ध होत नाही. अँटासिड घेऊन छातीतलं कमी झालं म्हणजे ‘गॅस’च होता, हेही तसंच. जिभेखालच्या सॉर्बिट्रेटनं थांबलं म्हणजे हृदयच, हेही नाही. ती गोळी शेजाऱ्याकडून आणून देऊ नये, बीपी एकदम कोसळू शकतं.

व्यापाऱ्याला घरी सोडताना ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं तर तो पंधरा दिवसांत दुसऱ्या दवाखान्यात सापडेल. काहीतरी झालं होतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याला आजाराचं नाव सांगायला हवं, बोटं का वाकडी झाली ते सांगायला हवं, आणि कोणत्या तपासण्या झाल्या, कोणत्या पुन्हा करायची गरज नाही, तेही. घराणं फौजी असेल तर एक जुनी गोष्टही कामाला येते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांची अशीच धडधड आणि छातीचं दुखणं पाहून डॉ. डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये ते लिहून ठेवलं होतं. हा भित्र्यांचा आजार नव्हे.

राहिली आई. धाकट्याच्या निदानानंतर दोन महिन्यांनी ती म्हणते, “आज काही सुधरंना बघ. पित्त झाल्यागत व्हायलंय.” छातीत दुखत नाही. जबडा जड आहे, एकदा उलटी झाली आणि अंग घामानं भिजलंय. सून म्हणते, “आत्या, तुम्ही पण यांच्यासारखं टेन्शन घ्यायला लागलात.” घरात एकाला पॅनिक निघालं की पुढच्या प्रत्येकावर तोच शिक्का बसतो, आणि इथंच चूक होते. मधुमेही माणसांत, बायकांत आणि म्हाताऱ्यांत हार्ट अटॅक असा छातीत न दुखताही येऊ शकतो. तिला आयुष्यात कधी पॅनिक अटॅक आलेला नाही. चाळिशीनंतर, त्यातही साठीत पहिल्यांदाच आलेली ‘घबराट’ ही दुसरं काही निघेपर्यंत हृदयाची समजावी. तिशी-चाळिशीतल्या तंबाखू किंवा मिश्रीवाल्यालाही हाच नियम.

वीस मिनिटांहून जास्त टिकणारं दडपण, श्रमानं वाढणारं, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारं, थंड घाम किंवा उलटीसोबतचं, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आणणारं असेल तर १०८ ला फोन करावा आणि माणसाला चालवू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात किंवा कुठं रक्तस्राव होत नसेल तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून द्यावी. जत, आटपाडी, पाटण, महाबळेश्वर इथून मोठं केंद्र लांब आहे. थेट लांब पळण्याआधी वाटेतल्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला आणि तो हार्ट अटॅकचा असला, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन तिथंच देता येईल का हे ठरवता येतं. अँजिओप्लास्टी दोन तासांत होणार नसेल तर ते इंजेक्शन लवकर देण्याला फार किंमत असते.

धाकट्यालाही पुढं कधी हार्ट अटॅक येणारच नाही, असं कुणी लिहून दिलेलं नाही. त्यानं आपल्या पॅनिकची चाल ओळखून ठेवावी: किती मिनिटांत चढतं, मुंग्या कुठं येतात, कधी उतरतं. याहून वेगळं काही झालं, जिना चढताना छाती धरली, नेहमीची वेळ उलटूनही उतरलं नाही, तर जुन्या निदानाच्या भरवशावर घरी बसायचं नाही. आणि त्या रात्रीच्या नॉर्मल ईसीजीचा फोटो तारखेसह मोबाईलमध्ये ठेवावा, बायकोच्याही. ईसीजीचा कागद काही महिन्यांत पुसट होतो. पुढच्या वेळी वेगळ्या गावातला, त्याला कधीच न पाहिलेला डॉक्टर नवी पट्टी हातात घेईल तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असेल, “जुना ईसीजी आहे का?”